लोहगोळी, एक दिवसाआड

लोहाची कमतरता असलेल्यांना गोळी रोज न देता एक दिवस सोडून देण्याची पद्धत. तिचा आधार हेप्सिडिन हे यकृतात तयार होणारे २५ अमिनो आम्लांचे संप्रेरक आहे; लोह घेतले की ते वाढते आणि आतड्यातून होणारे पुढचे शोषण रोखते.

एका मात्रेनंतर आतडे पुढची मात्रा कमी घेते, हे हान व सहकाऱ्यांच्या कुत्र्यांवरील प्रयोगांतून १९४३ मध्येच पुढे आले होते. त्या काळी कारण आतड्याच्या पेशीतच शोधले जाई. पेशीतला लोहसाठा भरला की दार बंद होते, असे मानत. हेप्सिडिनचा शोध साधारण २०००–०१ मधला. दोन गटांनी ते स्वतंत्रपणे व वेगळ्या नावांनी नोंदवले. आज यकृताकडून येणारा हा संदेशच मुख्य मानणे अधिक सयुक्तिक वाटते, तरी पेशीतील साठ्याचा वाटा पूर्ण नाकारता येत नाही.

आतड्याच्या पेशीतून लोह रक्तात सोडणारी वाट म्हणजे फेरोपोर्टिन हे प्रथिन. हेप्सिडिन त्याला चिकटले की ते नष्ट होते. लोह पेशीतच अडकते आणि काही दिवसांत पेशी झडली की तिच्याबरोबर शौचावाटे जाते. त्यामुळे शौच काळी झाली, म्हणजे लोह लागू पडले असे नव्हे.

झुरिकमधील गटाने २०१५ मध्ये दाखवले, की ६० मि.ग्रॅ. किंवा अधिक लोहानंतर हेप्सिडिन २४ तासांनीही चढलेले असते आणि दुसऱ्या दिवशीच्या मात्रेचे शोषण ३५ ते ४५ टक्क्यांनी घटते. ४८ तासांपर्यंत हेप्सिडिन बहुधा उतरते. त्याच गटाच्या २०१७ च्या अभ्यासात ६० मि.ग्रॅ.च्या १४ गोळ्या रोज घेतलेल्या स्त्रियांत सुमारे १३१ मि.ग्रॅ. लोह शोषले गेले, तर एक दिवसाआड घेतलेल्यांत सुमारे १७५. मात्र दुसऱ्या गटाला त्यासाठी २८ दिवस लागले. पहिल्या १४ दिवसांचाच हिशेब केला, तर सात गोळ्यांतून साधारण ८८ मि.ग्रॅ. मिळते. म्हणजे गोळीमागे लाभ जास्त, दिवसामागे कमी. या स्त्रियांत लोहाचा साठा कमी होता, पण रक्तक्षय नव्हता, हेही ध्यानात ठेवावे. हिमोग्लोबिन बरेच खाली असेल तर शरीर हेप्सिडिन स्वतःच दाबते आणि रोजच्या गोळीचा तोटा कमी होतो. उलट ताप किंवा जंतुसंसर्ग असेल तर हेप्सिडिन वाढते. मग गोळी एक दिवसाआड घेऊनही फारसे शोषण होत नाही.

समजा, ठाण्यात वागळे इस्टेटला सकाळच्या पाळीला जाणाऱ्या बाईने विषम तारखांना गोळी घ्यायची ठरवले. ३१ तारखेनंतर लगेच १ येते आणि दोन दिवस सलग गोळी पडते. म्हणून कॅलेंडरवर एकेक दिवस सोडून खुणा कराव्यात. हेप्सिडिन दिवसभरात चढत जाते, तेव्हा गोळी सकाळी, उपाशीपोटी पाण्यासोबत घ्यावी. चहा तासाभराने. चार आठवड्यांत हिमोग्लोबिन १ ग्रॅमनेही वाढले नाही, तर गोळ्या वाढवण्याआधी रक्तस्राव, संसर्ग किंवा थॅलेसेमियाचा अंश आहे का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे.

गरोदर स्त्रियांसाठी ‘अॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात ६० मि.ग्रॅ. लोहाची गोळी १८० दिवस रोज घ्यायची असते; ती स्वतःहून एक दिवसाआड करू नये.