‘पॅराबेनमुक्त’ म्हणजे निर्धोक नव्हे

“पॅराबेन, सल्फेट आणि सिलिकोन असलेले काहीही नाजूक त्वचेला लावू नका,” असा सल्ला नेहमी ऐकू येतो.

सल्फेटपुरते यात थोडे तथ्य आहे, कारण सोडियम लॉरिल सल्फेट हे फेस आणणारे रसायन त्वचा कोरडी करू शकते. अर्थात त्याचे प्रमाण किती आणि ते त्वचेवर किती वेळ राहते, यावर ते अवलंबून असते. डायमेथिकोनसारखे सिलिकोन उलट ओलावा धरून ठेवते.

पॅराबेनचे मात्र नीट समजून घ्यावे. पाणी असलेल्या क्रीममध्ये जिवाणू आणि बुरशी वाढू नये म्हणून परिरक्षक लागतोच. पॅराबेन हे असेच परिरक्षक; ते वगळले की त्याच्या जागी दुसरे काही येते, आणि असे आलेल्या मिथाइलआयसोथायाझोलिनोनमुळे ॲलर्जी इतकी वाढली की न धुता ठेवायच्या प्रसाधनांत युरोपने 2017 पासून ते बंद केले. धडधाकट त्वचेवर पॅराबेनची ॲलर्जी क्वचितच आढळते.

नाशिकच्या डिसेंबरातल्या कोरड्या थंडीत माझ्या मावशींचे गाल ‘पॅराबेनमुक्त’ लोशनने लाल झाले. बाटलीमागे सुगंधद्रव्य आणि लिनालूल हे सुगंधी रसायन लिहिलेले होते, जे पुढच्या बाजूच्या मोठ्या अक्षरांत कुठेच नव्हते. आता त्या सुगंधविरहित साधे क्रीम आंघोळीनंतर ओलसर अंगावर लावतात, आणि नवी बाटली आणली की आधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून 2 वेळा, असे 7 दिवस लावून पाहतात. खाज किंवा पुरळ आले, तर ती बाटली चेहऱ्यापर्यंत पोहोचत नाही.