मीटिंग पुढं ढकलली का मोडली? समोरच्याला कळू दे की

"आज जमत नाही ओ, नंतर बघूया की." आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, हे वाक्य दिवसातून किती वेळा कानावर पडतं त्याला हिशोबच नाही. ऐकणाऱ्याला मात्र कळत नाही की मीटिंग पुढं गेली का मोडली, आणि तो बिचारा पुढचे चार दिवस तुमच्या फोनची वाट बघत ती वेळ दुसऱ्या कुणाला देत नाही.

पुढं ढकलणं म्हणजे काम तसंच उभं आहे, फक्त वेळ हलली, आणि नवी वेळ पक्की करायचं ओझं हलवणाऱ्यावर. रद्द म्हणजे समोरचा मोकळा, त्यानं ती वेळ कुणालाही द्यावी. "नंतर बघू" यातलं काहीच नाही, म्हणून ते सगळ्यात वाईट. मी स्वतःला एकच विचारतो, मीटिंग ज्या कामासाठी होती ते काम अजून आहे काय? असेल आणि आत्ता तारीख सांगता येत असेल तर पुढं ढकला. काम आहे पण तारखेचा पत्ता नाही, तर सरळ रद्द म्हणा आणि "सोमवारपर्यंत मीच फोन करतो" असं सांगून ठेवा.

हे शहाणपण मार खाऊन आलंय. माझं छोटं मशीन शॉप आहे, जॉबवर्क करतो. मागच्या पावसाळ्यात निपाणीच्या एका काकांना अकरा वाजता बोलावलेलं, पंपाच्या पार्टचं काम त्यांच्या मशीनवर करून घ्यायचं होतं, सॅम्पल बघून रेट ठरवायचा होता. नऊला कळलं की फाउंड्रीतून कास्टिंगच आलेलं नाही, आता सॅम्पल नाही तर दाखवणार काय. मी व्हॉट्सॲपवर टाइप केलं, "काका आज नको, परत बघू", आणि आपलं काम झालं म्हणून चहाला गेलो. काका तेव्हा बसमध्ये, फोन खिशात. मेसेज वाचला तो वंटमुरी घाटात! निपाणीहून बेळगाव पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, त्यातलं बहुतेक अंतर संपलेलं. शॉपवर आले, पाणी प्याले आणि एवढंच म्हणाले, "एक फोन केला असतास तर मी संकेश्वरातच उतरलो असतो की रे."

म्हणजे दोन तास राहिले असताना मेसेज चालत नाही, फोनच. मेसेज नंतर, ठरलेली वेळ लिहून ठेवायला. आणि फोनवर आधी "कसं काय, पाऊस आहे काय तिकडं" करत बसायचं नाही, पहिला प्रश्न माणूस कुठं पोचलाय हाच. त्या दिवशी मी असं बोलायला पाहिजे होतं:

"काका, निघालासा काय? सॅम्पल आलेलं नाही, चूक आमची. निघाला नसाल तर परवा अकराला किंवा शुक्रवारी चारला, तुम्हाला कुठलं बरं पडतं? नाहीतर सॅम्पल घेऊन मीच निपाणीला येतो."

वेळा दोनच द्यायच्या. "तुम्हीच सांगा कधी ते" म्हणणं वरनं आदराचं वाटतं खरं, पण त्यात डायरी चाळायचं काम त्याच्याच गळ्यात पडतं. कारण एका वाक्यात पुरे, फाउंड्रीचं सगळं रामायण कुणाला ऐकायचं नसतं.

आणि तो घाट ओलांडून आला असेल तर? मग पुढं ढकलायचंही नाही, रद्दही नाही. जेवढं होतंय तेवढं उरका. आम्ही शेवटी ड्रॉइंगवरनंच टॉलरन्स आणि अंदाजे रेट बोललो, सॅम्पल चार दिवसांनी मी घेऊन गेलो.

आता समजा आम्हाला काम देणाऱ्या पार्टीनं ती ऑर्डरच काढून घेतली असती. तेव्हा वाईट वाटू नये म्हणून "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणायचा मोह होतो, आपल्याकडं तोंडावर नाही म्हणायला जीभ रेटत नाही ना. पण काकांनी त्या भरवशावर आपल्या मशीनचा टाइम अडवून ठेवला तर नुकसान कुणाचं? "ऑर्डर गेली काका, मीटिंग रद्द, तुमचा वेळ मोकळा धरा." बास.

गूगल कॅलेंडरवाल्यांसाठी एक बारकी गोष्ट. पुढं ढकलायचं असेल तर आहे त्याच इव्हेंटची वेळ बदला, जुना डिलीट करून नवा करू नका, नाहीतर समोरच्याला आधी रद्द झाल्याचा मेल जातो, मग वेगळं आमंत्रण, आणि तो पहिला वाचून बाहेर पडतो. सेव्ह करताना पाहुण्यांना मेल पाठवू काय असं विचारतं, तिथं नको दाबलं तर त्यांना मेल जातच नाही. आणि मेल गेला म्हणजे वेळ मान्य झाली असंही नाही, होकार येईपर्यंत ती वेळ तुमच्या एकट्याचीच.

एकच मीटिंग दुसऱ्यांदा हलवायची पाळी आली तर मी आता वेळ विचारतच नाही, गाडी काढून त्यांच्याकडं जातो. तिसऱ्यांदा आली तर रद्द, आणि पुढची वेळ काका सांगतील ती.