ॲडलेड साडेनऊवर असलं, तरी पुण्याहून चारच तास पुढे

"ॲडलेड अर्ध्या तासाच्या पट्ट्यात येतं ना, मग आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे." कोथरूड-कर्वेनगरात ज्यांची मुलं ऑस्ट्रेलियात आहेत, अशा घरांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता एकदा नीट लिहूनच टाकावं. साडेचार तासांचा फरक सिडनीचा. ॲडलेडचा फरक पूर्ण चार तासांचा. गंमत म्हणजे अर्ध्या तासाचा पट्टा ॲडलेडचा आहे, सिडनीचा नाही.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या विमानतळाची असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. सुटण्याची वेळ मुंबईची, उतरण्याची तिथली. आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहोत, हेही शाळेपासून पाठ आहे. गोंधळ याच्या पुढच्या पायरीवर होतो.

'अर्ध्या तासाचा पट्टा' म्हणजे ग्रीनिचपासूनचं अंतर पूर्ण तासांत न बसता अर्ध्या तासावर संपणारं. आपल्याला हवा असतो तो आपल्या घड्याळापासूनचा फरक. लंडनमध्ये बसलेल्या माणसाला या दोन गोष्टी हिवाळ्यात एकच वाटतात, कारण तेव्हा त्याचं घड्याळ ग्रीनिचवरच चालतं. आपलं तसं नाही. आपण स्वतःच अर्ध्या तासावर बसलोय. ॲडलेड ग्रीनिचच्या साडेनऊ तास पुढे आणि आपण साडेपाच तास पुढे, म्हणून वजाबाकीत दोन्हीकडचे अर्धे तास कटतात आणि चार उरतात. सिडनी ग्रीनिचच्या पूर्ण दहा तास पुढे, म्हणून दहातून साडेपाच गेले की साडेचार. म्हणजे जगाच्या नकाशावर जे शहर अर्ध्या तासाचं, ते पुण्याहून पूर्ण तासाचं, आणि जे तिकडे पूर्ण तासाचं, ते इथून अर्ध्या तासाचं. काबूल साडेचारवर, म्हणून आपल्यापेक्षा बरोबर एक तास मागे. यांगून साडेसहावर, म्हणून बरोबर एक तास पुढे. तेहरान साडेतीनवर, म्हणून दोन तास मागे.

कुणी साडेनऊ तास थेट भारतीय वेळेत मिळवले, तर उत्तर साडेपाच तासांनी चुकतं आणि घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, "अहो, मध्यरात्री कसं उतरेल विमान?" मोठी चूक अशी आपोआप पकडली जाते. अर्ध्या तासाची चूक मात्र कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. सात काय, साडेसात काय, दोन्ही वेळा पटण्यासारख्याच. म्हणून ती वर्षानुवर्षं एका घरातून दुसऱ्या घरात जात राहते.

ती ओळखायला मी नेहमी मिनिटकाटा बघायला सांगतो. पुण्याच्या वेळेवर लावलेलं काट्यांचं घड्याळ मनगटावर असेल, तर ॲडलेडला उतरल्यावर फक्त तासकाटा हलवायचा, मिनिटकाट्याला हात लावायचा नाही. सिंगापूर किंवा सिडनीला मिनिटकाटा समोरच्या बाजूला जातो. तुमच्या हिशेबात ॲडलेडची मिनिटं भारतीय वेळेच्या मिनिटांशी जुळत नसतील, तर हिशेब चुकलाय. आणखी काही तपासायची गरज नाही.

आता एक पूर्ण प्रवास घेऊ. जून महिना आहे. मुंबईहून विमान रात्री ११:३० ला सुटतं, साडेपाच तासांत सिंगापूरला पोचतं, तिथे तीन तास थांबायचं आणि पुढे सात तासांचं उड्डाण.

बहुतेक लोक टप्प्याटप्प्याने जातात. सिंगापूरला उतरले तेव्हा भारतात पहाटेचे ५, त्यात अडीच तास मिळवून तिथले ७:३०. तीन तास थांबून १०:३० ला निघाले, सात तासांनी सिंगापूरच्या घड्याळात संध्याकाळचे ५:३०. सिंगापूरपासून ॲडलेड दीड तास पुढे, म्हणजे ७ वाजता उतरणार. उत्तर बरोबर आहे, पण ही पद्धत मला अजिबात आवडत नाही. एकदा अडीच, मग दीड, अशी प्रत्येक थांब्यावर अर्ध्या तासाची उलाढाल करावी लागते आणि त्यातली एक हमखास राहून जाते. राहिली की साडेसहा किंवा साडेसात असं काहीतरी येतं आणि ते खरंही वाटतं.

त्यापेक्षा अख्खा प्रवास भारतीय वेळेतच मोजा. साडेपाच, तीन आणि सात मिळून साडेपंधरा तास. रात्री ११:३० मध्ये ते मिळवले की दुसऱ्या दिवशी दुपारचे ३. इथे विमान उतरलं. आता एकदाच चार तास मिळवा: संध्याकाळचे ७. मध्ये सिंगापूर आलं काय आणि बँकॉक आलं काय, त्यांच्या घड्याळाशी आपल्याला देणंघेणं नाही. एकूण प्रवासाचा वेळ बहुतेक तिकिटांवर छापलेला असतोच, तोच घ्या. सुटण्याची आणि उतरण्याची वेळ वजा करून तो काढायला जाऊ नका, कारण त्या दोन वेगळ्या घड्याळांच्या वेळा आहेत.

हाच प्रवास डिसेंबरात केला, तर उतरण्याची वेळ ८ येईल. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी दक्षिण ऑस्ट्रेलिया घड्याळ एक तास पुढे नेतं आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतं. त्या काळात ॲडलेड साडेदहावर असतं आणि आपल्यापासूनचा फरक पाच तास होतो. फरक बदलला, तरी पूर्ण तासाचाच राहतो, मिनिटकाटा तेव्हाही हलत नाही. तारीख बघायची ती उतरण्याची, तिकीट काढल्याची नव्हे. ऑगस्टमध्ये काढलेल्या तिकिटावर डिसेंबरचा प्रवास असेल आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर "फरक चार तास" असा जुना मेसेज फिरत असेल, तर घ्यायला येणारी मुलगी तासभर आधीच विमानतळावर जाऊन बसते. असे मेसेज महिना न लिहिता पुढे पाठवणं बंद व्हायला हवं. डार्विनही साडेनऊवर आहे, पण तिथे घड्याळ कधीच पुढे नेत नाहीत, त्यामुळे त्याचा फरक बारा महिने चारच तास.

ग्रीनिचच्या पश्चिमेला गेलात, तर वजाच्या चिन्हाकडे लक्ष द्या. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचं सेंट जॉन्स हिवाळ्यात उणे ३:३० वर असतं. तिथला वजा तासांना आणि मिनिटांना, दोघांनाही लागू आहे. काही जण तीन तास मागे जातात आणि मग अर्धा तास पुढे येतात. तसं केलं की अडीचच होतात आणि उत्तर तासाभराने चुकतं. तिथे आपले साडेपाच आणि त्यांचे साडेतीन यांची बेरीज करायची: सेंट जॉन्स आपल्यापेक्षा नऊ तास मागे, उन्हाळ्यात आठ. अर्धा आणि अर्धा मिळून इथेही पूर्ण तास झाला. मिनिटकाट्याची खूण चालत नाही ती नेपाळसारख्या ठिकाणी. काठमांडू पावणेसहावर आहे, म्हणून आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे, आणि तिथे उतरल्यावर मिनिटकाटाच पाव फेरा पुढे न्यावा लागतो.