कॉइल एका शीटवर, कॉन्टॅक्ट दुसऱ्या: क्रॉस रेफरन्सची पार्श्वभूमी

रिलेच्या जुन्या ड्रॉइंगमध्ये रिले अखंड काढत: मध्ये कॉइल आणि तिला लागूनच तिचे सगळे कॉन्टॅक्ट. वायर जोडणाऱ्याला हे सोयीचे होते. पण रिलेंची संख्या वाढली तशा रेषा एकमेकींना छेदू लागल्या आणि मोटर नेमकी कोणकोणत्या अटींवर सुरू होते, हे त्या जंजाळातून वाचणे अवघड झाले. टेलिफोन एक्सचेंज आणि रेल्वे सिग्नलिंगमध्ये रिले मोठ्या संख्येने असल्याने तिथे ही अडचण तीव्र होती.

मग कॉन्टॅक्ट कॉइलपासून सोडवले गेले. प्रत्येक कॉन्टॅक्ट जिथे काम करतो, त्या सर्किटमध्येच काढायचा. त्यामुळे सर्किट पुरवठ्याच्या एका रेषेपासून दुसरीपर्यंत सरळ वाचता येऊ लागले. मात्र हा कॉन्टॅक्ट हलवणारी कॉइल कुठे आहे, ही माहिती चित्रातून गेली. क्रॉस रेफरन्स, म्हणजे कॉइल आणि तिचे कॉन्टॅक्ट ड्रॉइंगमध्ये कुठे आहेत हे सांगणारे आकडे, आला तो ही उणीव भरून काढण्यासाठी.

अमेरिकी शिडीवजा ड्रॉइंगमध्ये ओळींना क्रमांक असतात. कॉइलच्या उजवीकडे तिचे कॉन्टॅक्ट ज्या ओळींत आहेत त्यांचे आकडे लिहितात, आणि नॉर्मली क्लोज्ड कॉन्टॅक्टचा आकडा अधोरेखित करतात. युरोपीय पद्धतीत शीटचे उभे कॉलम पाडतात आणि कॉइलखाली कॉन्टॅक्टचा तक्ता देतात. माझ्या मते फॉल्ट शोधताना हा तक्ता जास्त उपयोगी, कारण टर्मिनलचे आकडेही तिथेच मिळतात.

समजा, K5 हा कॉन्टॅक्टर ओढत नाही. शीट ८, कॉलम ३ मध्ये त्याच्या A1 च्या वर K12 चा 13-14 कॉन्टॅक्ट आहे आणि त्याच्याजवळ /14.6 लिहिले आहे. मीटरचे एक टोक ० व्होल्टवर ठेवून मोजले: 13 वर २४ व्होल्ट, 14 वर काहीच नाही. म्हणजे कॉन्टॅक्ट उघडा आहे. पण तो खराब आहे, की त्याला बंद होण्याचा हुकूमच मिळालेला नाही? याचे उत्तर शीट १४, कॉलम ६ मध्ये आहे. तिथे K12 च्या A1-A2 मध्ये २४ व्होल्ट असून रिले ओढलेला असेल, तर दोष त्या कॉन्टॅक्टचा. व्होल्टेज असूनही रिले ओढत नसेल, तर कॉइल तपासायची. व्होल्टेजच नसेल, तर त्याच शीटवरचा पुढचा संदर्भ धरून आणखी मागे जायचे.

हाताने ड्रॉइंग काढण्याच्या काळात एक कॉन्टॅक्ट हलवला, की दोन्ही ठिकाणचे आकडे खोडावे लागत आणि एखादा राहून जाई. संगणकीय सॉफ्टवेअर हे आकडे आपोआप बदलते. पण साइटवर केलेला बदल फायलीत गेलाच नाही, तर तेही फसते. याची खूण पॅनेलमध्येच सापडते: तक्त्यात K12 चे दोन कॉन्टॅक्ट दाखवले असतील आणि प्रत्यक्षात तिसऱ्यालाही वायर लागलेली असेल, तर ती वायर नंतर जोडलेली असण्याची शक्यता मोठी. अशी वायर ड्रॉइंगवर विसंबून न राहता, पुरवठा तोडून हातानेच शेवटपर्यंत शोधावी लागते.