चालणे : कथनातील भावदर्शक पर्याय

पात्राच्या चालीतून त्याची मनःस्थिती सुचवणारे शब्द. इंग्रजीत स्ट्रोल, ट्रज, स्ट्राइड अशी वेगवेगळी क्रियापदे त्यासाठी आहेत. चालण्याची तऱ्हा क्रियापदाच्या पोटातच असते. मराठीत क्रियापद बहुधा दिशा सांगते (गेला, आला, शिरला) आणि तऱ्हा त्याच्या आधी येते : 'रेंगाळत गेला', 'तरातरा आली'. भाषांमधला हा फरक लेनर्ड टाल्मी या अमेरिकी भाषावैज्ञानिकाने १९८५ मध्ये तपशिलाने मांडला.

म्हणून अनुवादात क्रियापदाला क्रियापद शोधत बसले की फसगत होते. नुसते 'तो चालला' लिहिले, तर तो निघाला असाच अर्थ पुष्कळदा लागतो ('मी चालले माहेरी'). स्ट्राइडला 'ढांगा टाकत' किंवा 'झपाझप', ट्रजला 'पाय ओढत' किंवा 'रखडत' जवळचे. स्ट्रोलला 'रमतगमत' चालते. 'फेरफटका' मात्र जपून वापरावा, कारण त्यात परत येणे गृहीत आहे. रमतगमत स्टेशनवर जाऊन गाडी पकडणाऱ्याने फेरफटका मारलेला नसतो. 'शतपावली' तर जेवणानंतरचीच.

एक वाक्य घेऊ. दारावर थाप पडली आणि सुमन दाराकडे गेली. 'लगबगीने गेली' म्हटले, की ती कुणाची तरी वाट पाहत होती. 'दबक्या पावलांनी' म्हटले, तर घरात कुणी आहे हे बाहेरच्याला कळू द्यायचे नाही. 'तरातरा गेली' यात राग आलाच. 'रागाने तरातरा' लिहिणाऱ्याचा स्वतःच्या शब्दावर विश्वास नसतो. 'झपाझप' मध्ये मात्र राग नाही, वेग आणि निश्चय आहे. हे दोन शब्द सर्रास एकाच्या जागी दुसरा वापरले जातात. 'पाय ओढत गेली' हे दुहेरी आहे : अंग थकलेले असेल किंवा मन तयार नसेल. यातले कोणते, ते आधीचे वाक्य ठरवते. तिने दिवसभर कापणी केली असेल तर थकवा, बाहेर सावकार उभा असेल तर नाखुशी.

काही शब्दांना माणूसही ठरलेला असतो. 'दुडुदुडु' नुकते पाय फुटलेले मूल धावते. 'तुरुतुरु' लहान चणीच्या माणसाला शोभते; धिप्पाड फौजदार तुरुतुरु आला, तर प्रसंग विनोदी होतो, मग लेखकाच्या मनात काहीही असो. 'लंगडत', 'खुरडत' हे शरीराचे शब्द आहेत, त्यांत आपोआप भाव येत नाही. 'वणवण' ला हेतू लागतो : पाण्यासाठी, कामासाठी. निरुद्देश हिंडणाऱ्याला 'भटकणे' पुरते.

'येरझाऱ्या' या सगळ्यांहून निराळ्या. त्यात माणूस कुठेच जात नाही, म्हणून दिशेचे क्रियापदही लागत नाही. शस्त्रक्रिया चाललेल्या खोलीबाहेरचा बाप येरझाऱ्या घालतो.