माल आला, पण स्टॉकमध्ये का दिसत नाही?

सॉफ्टवेअरचं क्वालिटी मॉड्यूल सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात आम्हाला सर्वाधिक फोन येतात ते या एका प्रश्नासाठी. उदाहरणच घेऊ.

सप्लायरकडून २५ मिमी व्यासाचे ५०० शाफ्ट आले. ड्रॉइंगप्रमाणे माप २४.९७९ ते २५.००० मिमी हवं. स्टोअरने जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, केला की हा माल वापरायच्या स्टॉकमध्ये न जाता ‘तपासणीत’ या खात्यात पडतो. किती नग, कशाने आणि कुठलं माप बघायचं, हे इन्स्पेक्शन प्लॅन सांगतो. त्यात सरसकट ‘दहा टक्के’ लिहू नका. २० नगांचा लॉट आला तर दोनच नग बघाल आणि त्यावरून काही कळणार नाही. त्याऐवजी आयएसओ २८५९-१ चा तक्ता जोडा. सर्वसाधारण पातळी २ ला ५०० च्या लॉटमधून ५० नग तपासायचे. एक्यूएल, म्हणजे चालू शकणाऱ्या खराब मालाची ठरवलेली पातळी, १.० असेल तर एक खराब नग चालतो, दोन निघाले की लॉट नापास.

आपल्या लॉटमध्ये तीन निघाले: २५.००६, २५.००८, २५.०११. नुसतं ‘नॉट ओके’ न लिहिता रीडिंग भरायला सांगतो ते यासाठीच. तिन्ही नग जाड आहेत, म्हणजे ग्राइंडिंग करून वाचू शकतात. बारीक असते तर स्क्रॅप.

आता ५०० च्या ५०० नग ब्लॉक होतात आणि एनसीआर, म्हणजे मापात न बसलेल्या मालाचा अहवाल, उघडतो. सगळे नग मोजल्यावर ४६२ चांगले आणि ३८ जाड निघाले. ते ४६२ एनसीआरमधूनच लगेच सोडा. सोडले नाहीत तर खरेदीचं नियोजन ब्लॉक माल धरत नाही, आणि सिस्टम नव्या शाफ्टची मागणी काढून मोकळी होते! राहिलेल्या ३८ पैकी रिवर्क आणि फेरतपासणीनंतर ३५ पास झाले, तीन जास्त घासले गेले. ४६२, ३५ आणि ३ मिळून ५०० चा हिशेब जुळला, की मगच एनसीआर बंद होतो.

एक गोष्ट मात्र सॉफ्टवेअरच्या हातात नाही. ब्लॉक केलेल्या मालाच्या रॅकला ते कुलूप लावत नाही. आमच्या एका ग्राहकाकडे लाइन थांबली म्हणून रात्रपाळीने ब्लॉक मालातले ४० नग उचलले. सिस्टमने इश्यू नाकारला, तेव्हा चिठ्ठीवर लिहून ठेवले. महिनाअखेरीस ४० नगांचा फरक आला आणि ते कुठल्या असेंब्लीत गेले हे शेवटपर्यंत सापडलं नाही. म्हणून लाल टॅगवर एनसीआर नंबर लिहून तो पेटीलाच बांधा. खरंच अडलं, तर ‘डेव्हिएशन’मध्ये नगसंख्या आणि कारण भरून क्वालिटी प्रमुखांची मंजुरी घ्या, तेवढेच नग सुटतात आणि कुठल्या वर्क ऑर्डरला गेले याची नोंद राहते.