दोन खुणांमधले अंतर

हापूसच्या हंगामात रत्नागिरीहून घरपोच पेट्या पाठवणाऱ्यांकडे ग्राहकांच्या संदेशांची रांग लागते, आणि पेटी कधी निघाली, साका निघालेल्या आंब्यांचे पैसे कधी मिळणार, पावती कुठे आहे, या तीन प्रश्नांचीच उत्तरे दिवसभर टाइप करावी लागतात. अशा कामासाठी टेक्स्ट एक्स्पांडर, म्हणजे छोटी खूण टाइप केली की पूर्ण मजकूर घालणारा प्रोग्रॅम, उपयोगी पडतो. मात्र त्याने वेग वाढला की चुकाही वाढतात, असा एक समज आहे. चुका वाढतात की नाही, हे खुणा कशा निवडल्या आहेत यावर बरेचसे अवलंबून असते.

हा प्रोग्रॅम नुकत्याच दाबलेल्या कळी लक्षात ठेवतो, त्या ठरलेल्या खुणेशी जुळल्या की खूण खोडतो आणि तिच्या जागी पूर्ण मजकूर घालतो. आता पैसे परत करण्यासाठी `;rp` आणि पेटी रवाना झाल्याचे कळवण्यासाठी `;ro` अशा खुणा ठेवल्या, तर काय होईल ते पाहा. कीबोर्डवर p आणि o शेजारी आहेत. बोट किंचित घसरले, तर ज्याला पैसे परत हवेत त्याला पेटी रवाना झाल्याचे शुद्ध, नीटनेटके उत्तर जाते. हाताने टाइप करताना एखादे अक्षर चुकले असते. इथे सबंध उत्तरच चुकते, आणि मजकूर निर्दोष दिसत असल्याने डोळ्यांना खटकत नाही.

यावरचा उपाय रिचर्ड हॅमिंग यांनी 1950 साली संदेशवहनातील चुका पकडण्यासाठी मांडलेल्या कल्पनेत आहे. सारख्या लांबीच्या कोणत्याही दोन खुणा किमान दोन जागी वेगळ्या असतील, तर एक अक्षर चुकल्याने एका वैध खुणेची दुसरी वैध खूण होऊच शकत नाही. ऑटोहॉटकी या मोफत प्रोग्रॅममध्ये अशा खुणा पुढीलप्रमाणे लिहिता येतात:

```
:*:;par::साक्याबद्दल ??? रुपये परत पाठवत आहोत.
:*:;dis::आपली पेटी ??? तारखेला रवाना झाली.
:*:;bil::पावती सोबत जोडली आहे.
```

यात `;par` ऐवजी `;pat` पडले, तर काहीच घडत नाही. चुकलेली खूण पडद्यावर तशीच राहते आणि चूक तिथल्या तिथे कळते. पावतीसाठी `;paw` सहज सुचते, पण `;par` पासून ती एकाच अक्षराने दूर असल्यामुळे टाळलेली बरी. इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड चालू राहिला असेल तर `;par` च्या जागी ‘चजोी’ उमटते, म्हणजे तीही चूक लपत नाही.

रक्कम आणि तारीख यांच्या जागी मुद्दाम `???` ठेवले आहे. तिथे आजची तारीख आपोआप घालण्याची सोय आकर्षक वाटते. पण पेटी काल निघाली असेल तर तो मजकूर बिनबोभाट खोटा ठरतो, उलट न भरलेली प्रश्नचिन्हे लगेच नजरेत भरतात. त्याच कारणाने मजकुराच्या शेवटी एंटर जोडू नये. पाठवण्याची कळ, उदाहरणार्थ जीमेलमधील `Ctrl+Enter`, वाचून झाल्यावर वेगळी दाबावी.

‘काम दसपट वेगाने’ अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नये, कारण वाचतो तो टाइप करण्याचा वेळ. तक्रार वाचून समजून घेण्याचा वेळ तेवढाच राहतो. शिवाय खूण बरोबर, पण ग्राहक भलताच, ही चूक खुणांमधले अंतर पकडू शकत नाही. त्यासाठी पाठवण्यापूर्वी नाव आणि पेटीचा क्रमांक ताडून पाहावाच लागतो.